प्लेटच्या कडेवरचा थेंब पुसायचा नसतो

गेल्या आठवड्यात मी रिटच करून पाठवलेला एक फोटो परत आला. सोबत एकच ओळ होती: "प्लेटला उजवीकडे पोचा आलाय का?"

प्लेट ठणठणीत होती. पोचा मी पाडला होता, थेंब पुसताना.

फोटो साधाच होता. पांढरी सिरॅमिकची प्लेट, गडद लाकडी टेबल, कॅमेरा साधारण ४५ अंशांवर. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर प्लेटच्या चार वाजताच्या जागी टोमॅटो सॉसचा एक थेंब सांडलेला. अर्धा काठावर, अर्धा कडेवरून बाहेर ओघळलेला. शेजारी पावाचे दोन कण. शूटच्या वेळी ओल्या इअरबडने तीन सेकंदांत निघाला असता, पण तेव्हा सगळ्यांच्या नजरा मधल्या पदार्थावर होत्या.

आता माझं मत सांगतो. थेंब काठाच्या सपाट भागावर असेल तर तो डाग असतो. तोच कडेवर आला की ती तुटलेली रेघ असते. डाग पुसता येतो, रेघ मात्र नव्याने बांधावी लागते. बहुतेक जण (मीसुद्धा, वर सांगितलंच) दोन्हींवर एकच ब्रश फिरवतात आणि तिथेच फसतात.

फोटोशॉपचा हीलिंग ब्रश पोत दुसरीकडून आणतो, पण रंग आणि उजेड आजूबाजूच्या भागाशी जुळवून घेतो. कडेवर आजूबाजूला काय असतं? एका बाजूला पांढरी प्लेट, दुसऱ्या बाजूला काळपट टेबल. तो बिचारा दोन्ही एकत्र कालवतो आणि करडा ढग तयार होतो. म्हणून लोक क्लोन स्टॅम्पकडे वळतात. तो रंग कालवत नाही, पण जिथून कड उचलतो तिथला तिचा कल वेगळा असतो. गोलाईवर थोडं पुढे सरकलं तरी रेघ वळलेली असते. ती तशीच आणून चिकटवली की जोडावर बोटाच्या पेरासारखा उंचवटा येतो. माझा पोचा म्हणजे हाच उंचवटा.

दुसऱ्या खेपेला मी मागून पुढे आलो. म्हणजे आधी टेबल, मग प्लेट.

थेंबाने टेबलाचाही तुकडा झाकला होता. वेगळ्या लेयरवर क्लोन स्टॅम्पने लाकूड भरून घेतलं आणि ते प्लेटच्या हद्दीत वीस-तीस पिक्सेल बिनधास्त आत येऊ दिलं. वरून प्लेट येणारच आहे, मग कडेशी जपून थांबायचं कशाला? फक्त प्लेटची सावली जिथे पडते तिथे सावलीतूनच नमुना घ्यायचा.

मग कड. हा तुकडा समोरच्या बाजूने, दहा वाजताच्या जागेवरून उचलायचा मोह होतो, कारण तिथे काठ स्वच्छ दिसतो. पण तिथला उजेड वेगळा असतो आणि काठावरची चमक उलट्या बाजूला पडलेली असते. मी पाच वाजताच्या जागेवरून घेतला, थेंबापासून अगदी जवळ.

तिरक्या कोनातून गोल प्लेट लंबगोल दिसते, त्यामुळे तुकडा नुसता फिरवून बसत नाही. माझी प्लेट २४०० पिक्सेल रुंद आणि १७०० उंच होती. तुकडा Ctrl+J ने वेगळ्या लेयरवर घेतला. Ctrl+T दाबून फिरण्याचा मध्यबिंदू प्लेटच्या केंद्रावर ठेवला (फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत हा बिंदू दिसत नसेल तर वरच्या पट्टीतला छोटा चौकोन चालू करावा लागतो). मग रुंदी तशीच ठेवून उंची १४१.२ टक्के केली. २४०० भागिले १७००, बस. आता लंबगोलाचं वर्तुळ झालं. एंटर. पुन्हा Ctrl+T, मध्यबिंदू तोच, आणि तुकडा घड्याळाच्या उलट दिशेने ३० अंश फिरवला, कारण पाचावरून चारावर यायचं होतं. एंटर. तिसऱ्यांदा तोच मध्यबिंदू आणि उंची ७०.८ टक्के. कड थेंबावर जाऊन बसली, कल आणि वळण दोन्हींसकट.

अगदी तंतोतंत नाही, हेही सांगतो. प्लेटची जाडी आणि बाहेरची भिंत या हिशोबात येत नाही, आणि जवळून वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत लंबगोलच थोडा वाकडा असतो. उरलेला एक-दोन पिक्सेलचा फरक वॉर्पने ओढून घेतला. तीन वेळा बदल केल्याने तुकडा किंचित मऊही होतो, म्हणून त्यावर हलकं शार्पनिंग केलं.

पुढची चूक मी बऱ्याच चांगल्या कामांतही पाहतो. पेन टूलने कड सुरीसारखी कापतात आणि प्लेट स्टिकर चिकटवल्यासारखी दिसते. फोटोत कोणतीही कड एका पिक्सेलमध्ये संपत नाही. माझ्या फोटोत पांढऱ्यापासून गडद व्हायला तीनेक पिक्सेल लागत होते आणि फोकसबाहेरच्या मागच्या काठाला कितीतरी जास्त. म्हणून तुकडा उचलतानाच कडेबाहेरचे चार पिक्सेल सोबत घेतले, तिची मूळ मऊशारी तशीच राहू दिली आणि मास्क फक्त आतल्या बाजूला मोठ्या मऊ ब्रशने विरघळवला. तुकडा जरा काळपट वाटला, तर फक्त त्याच लेयरला लागू होईल अशी कर्व्ह्ज लावून उजळला.

एवढं करूनही काठ स्वच्छ वाटेना. कारण थेंब गेला, पण त्याचा रंग राहिला होता. चकचकीत पांढऱ्या ग्लेझवर लाल थेंब आपल्यापेक्षा मोठ्या भागावर गुलाबी झाक टाकतो. ब्लेंड मोड Color ठेवून, शेजारच्या स्वच्छ काठाचा रंग घेऊन, दहा टक्के ओपॅसिटीने तीन-चार हात फिरवल्यावर ती गेली.

कणांचं फार काही नाही. काठाच्या सपाट भागावरचा कण हीलिंग ब्रशने जातो, त्याची चिमुकली सावली तेवढी सोबत न्यायची. कण गेला आणि सावली राहिली, तर प्लेटचा टवका उडालेला दिसतो. सगळे कण काढायलाच हवेत असंही नाही. पाव नुकताच मोडला असेल तर त्याच्याजवळचे दोन कण मी मुद्दाम ठेवतो.

काम झालं की नाही, हे मी शंभर टक्के झूमवर ठरवत नाही. पंचवीस टक्क्यांवर जातो आणि फोटो आडवा उलटा करतो. सवयीची बाजू बदलली की उंचवटा लगेच खटकतो. मग सगळ्यांच्या वर एक तात्पुरती, खूप उभी चढणारी कर्व्ह लावतो. साध्या डोळ्यांना न दिसणारे ठिगळांचे पट्टे त्यात उघडे पडतात. शेवटी ग्लेझवरचे बारीक ठिपके बघतो. तोच ठिपका दोन ठिकाणी दिसला तर चोरी पकडली गेली.

आणि हो, हे सगळं वाचवणारी एक सवय मी आता लावून घेतली आहे. पदार्थ वाढण्याआधी, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का झाल्यावर, त्याच उजेडात रिकाम्या प्लेटचा एक फोटो. वाढताना प्लेट हलली नाही तर काठाचा अस्सल तुकडा तिथेच मिळतो. ना वर्तुळ, ना ३० अंश. फक्त पदार्थ आल्यावर काठावरचं प्रतिबिंब थोडं बदलतं, तेवढं जुळवावं लागतं.

दुसऱ्या खेपेचा फोटो पास झाला. काल सहज मोठा करून पाहिला, तर शेजारच्या काट्याच्या दांड्यावर त्या थेंबाचं इवलंसं लाल प्रतिबिंब अजून तसंच आहे.