पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे

"बीएमआय २५च्या आत असेल तर काळजीचं कारण नाही."

वजनावरच्या एका लेखातलं हे वाक्य मलाच नडलं असतं. माझी उंची १६८ सेंमी, वजन ६६ किलो, म्हणजे बीएमआय २३.४. ऑफिसात मी 'बारीक' गणला जातो. पण साखर वाढलेली निघाली. इथे नागपुरात डॉक्टरांनी टेप लावला तर कंबर ९४! आपल्याकडे तेवढ्याच बीएमआयला युरोपीय लोकांपेक्षा स्नायू कमी आणि पोटातली, यकृताभोवतीची चरबी जास्त असते. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. म्हणून भारतीयांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंमी. सोपा हिशोब हवा तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. माझी ८४च्या आत हवी होती.

आणि कंबर मोजायची कुठे, हे त्या लेखात यायला हवं होतं. मी ३४ नंबरच्या पँटवरून ८६ सेंमी धरून बसलो होतो, पण पट्टा पोटाखाली बांधतो ना! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. तर्री-पोहे हाणायच्या आधी मोजलेलं बरं. गरोदरपणात मात्र हे माप लागू नाही.