शंभर कार्डांपेक्षा सत्तावीस कार्डं बरी

वर्गासाठी १ ते १०० अशी शंभर कार्डं करत बसू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून मूल आकडा ओळखायला शिकतं, पण २५ मधला २ म्हणजे वीस हे त्याला दिसत नाही. त्याऐवजी एकावर एक बसणारी सत्तावीस कार्डं करा. १ ते ९, १० ते ९० आणि १०० ते ९००.

रिकाम्या खोक्याचा पातळ, एकपदरी पुठ्ठा घ्या. नालीदार पुठ्ठा नको, तीन कार्डं रचली की थर जाड होतो आणि वरचं कार्ड सरकतं. सगळ्या कार्डांची उंची ६ सेंमी. रुंदी एककाला ४, दशकाला ८ आणि शतकाला १२ सेंमी. ३६ बाय ३६ सेंमीच्या एका तुकड्यात पूर्ण संच बसतो. त्याच्या ६ सेंमीच्या सहा पट्ट्या कापा. तीन पट्ट्यांत नऊ शतकं होतात. पुढच्या दोन पट्ट्यांत चार-चार दशकं होऊन प्रत्येकीत ४ सेंमी उरतात, ती दोन एककं. शेवटच्या पट्टीत एक दशक आणि सात एककं.

लिहिण्याआधी प्रत्येक कार्डावर ४ सेंमीच्या घरांच्या फिकट रेघा मारा आणि प्रत्येक अंक आपल्या घराच्या मधोमध लिहा. इथे घाई केली की २० वर ५ ठेवल्यावर शून्याची कड बाहेर डोकावते आणि मूल गोंधळतं. वरचा उजवा कोपरा सगळ्या कार्डांचा सारखाच, साधारण १ सेंमी, तिरका कापा. कार्ड उलटं पडलं तर लगेच कळतं. एकक-दशकाला वेगवेगळे रंग देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण मुलं मग रंग पाहून कार्ड उचलतात. रुंदीच पुरेशी बोलते.

रचताना रुंद कार्ड आधी आणि उजव्या कडा जुळवून. ‘तीनशे पाच’ ऐकून ३००५ लिहिणाऱ्या मुलाला ३०० चं कार्ड द्या आणि त्याच्या उजव्या टोकाला ५ ठेवायला सांगा. ३०५ होतं, मधलं शून्य आपोआप जागेवर राहतं. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो म्हणून ५२ लिहिलं जातं. इथे मुलाने ५ आधी उचलला तरी तो बसतो वीसच्या शून्यावरच.

एकोणतीसला मात्र कार्डं अपुरी पडतात, कारण नाव ऐकून मूल ३० कडेच हात नेतं. त्यासाठी काड्या हव्यात. वाळक्या काटक्या किंवा संपलेल्या रिफिली चालतील, फक्त लांबी सारखी ठेवा आणि दहा-दहाची जुडी रबराने बांधा. बाटल्यांची दहा बुचं पट्टीवर चिकटवून केलेलं दशक इथे कामाचं नाही, ते सुटत नाही. तीन जुड्या ठेवा आणि ‘तीसला एक कमी’ करायला सांगा. एक काडी काढायची तर एक जुडी सोडावीच लागते. उरतात दोन जुड्या आणि नऊ सुट्या. आता मूल २० आणि ९ ही कार्डं स्वतः उचलतं.