२२ अब्ज डॉलर कुणाच्या खिशात होते?

"बायजूजने मार्च २०२२ मध्ये ८० कोटी डॉलर उभे केले. तेव्हा ती १ लाख ६७ हजार कोटी रुपयांची कंपनी होती. एवढ्या मोठ्या गुंतवणूकदारांनी हिशेब तपासल्याशिवाय का पैसे घातले असतील? दोन वर्षांत सगळे १ लाख ६७ हजार कोटी बुडाले. कुठे गेला हा पैसा?"

बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीबद्दलचा हा मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गटांतून आला. एका गटात तर तो पाठवणारा स्वतः हिशेबनीस आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबलं.

आधी किमतीचं. रस्त्याला लागून असलेला एक गुंठा कुणीतरी दहा लाखाला घेतला, म्हणून गावकऱ्यांनी सगळ्या शिवाराची किंमत त्याच भावाने मांडली, तर आपण हसू. मूल्यांकन नेमकं असंच काढतात. नव्या गुंतवणूकदाराने एका शेअरला जो भाव दिला, त्याने कंपनीचे सगळे शेअर गुणायचे. मजकुरातले १ लाख ६७ हजार कोटी रुपये म्हणजे २२ अब्ज डॉलर, आणि ८० कोटी डॉलर म्हणजे त्याच्या चार टक्क्यांहूनही कमी. उरलेले ९६ टक्के शेअर त्या भावाने कुणी घेतले नव्हते आणि कुणी विचारलेही नव्हते.

शिवाय तो गुंठाही साधा नसतो. भारतात गुंतवणुकीच्या अशा फेरीत बहुधा अग्रहक्काचे परिवर्तनीय शेअर दिले जातात. कंपनी मोडीत निघाली किंवा पडत्या भावात विकली गेली, तर आधी या शेअरवाल्यांचे पैसे परत आणि मग उरलं तर इतरांना, अशी अट त्यांना जोडलेली असते. परतीत पहिला हक्क असलेल्या शेअरला माणूस दोन पैसे जास्त देतोच. तोच भाव संस्थापकाच्या आणि कर्मचाऱ्यांच्या बिनअटीच्या शेअरलाही लावला की आकडा फुगतो. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं, फक्त वेगवेगळ्या वस्तूंना एकच भाव लावलेला असतो.

आता ते ८० कोटी डॉलर. त्यातले ४० कोटी संस्थापक बायजू रवींद्रन स्वतः घालणार, असं त्याच घोषणेत होतं. उरलेल्यांत सुमेरू व्हेंचर्स, व्हिट्रुव्हियन आणि ब्लॅकरॉक ही नावं होती. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की सुमेरू आणि आणखी एक गुंतवणूकदार ऑक्सशॉट या दोघांकडून यायचे सुमारे २५ कोटी डॉलर आलेच नव्हते. कंपनीचं म्हणणं होतं की जागतिक आर्थिक परिस्थितीमुळे उशीर होतोय. तोवर मथळ्यांतले ८० कोटी लोकांच्या डोक्यात पक्के बसले होते.

'उभे केले' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपतात: देण्याचा शब्द आणि खात्यात जमा झालेली रक्कम. भारतातल्या कंपनीबाबत हा फरक तपासता येतो. खासगी पद्धतीने शेअर दिले की पंधरा दिवसांत कंपनी निबंधकाकडे PAS-3 हा अर्ज भरावा लागतो. कुणाला किती शेअर, कोणत्या भावाने दिले, हे त्यात असतं. केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून तो कुणालाही पाहता येतो. घोषणेत नाव आहे पण अर्जात नाही, तर ते पैसे अजून यायचे आहेत असं धरावं. मी पूर्वी एका दैनिकाच्या अर्थ विभागात होतो. तिथे आम्ही प्रसिद्धीपत्रकाचा पहिला परिच्छेद उचलून बातमी लावत असू. हा अर्ज उघडून बघायची सवय मला फार उशिरा लागली.

हिशेब तपासण्याचा मुद्दा सगळ्यात रंजक आहे. मार्च २०२२ मध्ये ही फेरी जाहीर झाली, तेव्हा मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब बाहेर आलेच नव्हते. वार्षिक सभेची त्या वर्षीची वाढीव मुदतसुद्धा नोव्हेंबर २०२१ मध्ये संपली होती. ते हिशेब आले थेट सप्टेंबर २०२२ मध्ये: महसूल २,४२८ कोटी रुपये, तोटा ४,५८८ कोटी. टाळेबंदीत पोरं घरी बसून पडद्यावर शिकत होती, त्या वर्षातला हा महसूल, तोही आदल्या वर्षापेक्षा किंचित कमी. १ लाख ६७ हजार कोटींचं मूल्यांकन म्हणजे या महसुलाच्या जवळजवळ ६९ पट.

महसूल कमी का भरला, यात खरी मेख आहे. समजा, एका पालकाने जानेवारीत दोन वर्षांचा अभ्यासक्रम ४८,००० रुपयांना घेतला. विक्रेत्याच्या लेखी ४८,००० ची विक्री झाली. पण मार्चअखेरपर्यंत कंपनीने तीनच महिने शिकवलं, म्हणून त्या वर्षाचा महसूल ६,००० रुपयेच. उरलेले ४२,००० ही पुढे शिकवायची देणेदारी. पालकाने ते कर्जावर घेतले असतील आणि हप्ते थकले, तर त्यातलाही काही भाग येत नाही. लेखापरीक्षक डेलॉइटने नेमका हाच आग्रह धरला. या बदलामुळे सुमारे ४० टक्के महसूल पुढच्या वर्षांत ढकलला गेला, असं कंपनीनेच सांगितलं.

म्हणून स्टार्टअपच्या बातमीत 'महसूल' दिसला की तो विक्रीची नोंद, आलेली रोकड की मान्य झालेला महसूल, हे आधी बघावं. याच कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये नंतरच्या वर्षासाठी, म्हणजे २०२१-२२ साठी, दहा हजार कोटींचा 'एकूण महसूल' सांगितला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब आले, तेव्हा व्यवसायातला महसूल निघाला सुमारे ५,०१५ कोटी आणि तोटा ८,२४५ कोटी. 'एकूण' या विशेषणात निम्मा आकडा जिरला होता. मधल्या काळात, जून २०२३ मध्ये, डेलॉइटने काम सोडलं आणि त्याच सुमारास प्रोसससह तीन गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. हिशेब बघितले असतील या भरवशाला तिथेच उत्तर मिळतं.

राहिला बुडालेल्या पैशाचा प्रश्न. १ लाख ६७ हजार कोटी कधी कुणाच्या तिजोरीत नव्हते, त्यामुळे ते जाणार तरी कुठे? खरा पैसा होता तो गुंतवणूकदारांनी वर्षानुवर्षं घातलेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये घेतलेल्या १२० कोटी डॉलरच्या कर्जाचा. त्यातला बराच तोट्यात आणि आकाशसारख्या संस्था विकत घेण्यात गेला. त्या कर्जातल्या ५३.३ कोटी डॉलरचा वाद अमेरिकेतल्या न्यायालयात गेला, तो वेगळा विषय.

उलट बाजूचा आकडाही तितक्याच संशयाने बघा. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने जुन्या भागधारकांकडून पैसे मागितले, ते सुमारे २२.५ कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर. लगेच '९९ टक्के किंमत बुडाली' असे मथळे आले. पण भाव इतका खाली ठेवला की जो भागधारक पैसे घालणार नाही, त्याचा हिस्सा जवळजवळ पुसला जातो. हा बाजारभाव नव्हे, भागधारकाची कोंडी आहे.

खरा तोटा बघायचा तर प्रोससचा बघा. त्यांच्याकडे कंपनीचा सुमारे ९.६ टक्के हिस्सा होता. २२ अब्जांच्या भावाने त्याची कागदी किंमत दोन अब्ज डॉलरच्या वर जाते. जून २०२४ मध्ये त्यांनी तो हिस्सा शून्यावर आणला आणि हिशेबात तोटा दाखवला ४९.३ कोटी डॉलर.