‘कितपत’ विचारलं की कारणांची यादी चालत नाही

“असेस, इव्हॅल्युएट, टू व्हॉट एक्स्टेंट... नावं वेगळी, काम एकच. इतिहासाच्या उत्तरात माहिती भरपूर द्या, दोन्ही बाजू सारख्या लिहा आणि शेवटच्या परिच्छेदात ‘काही अंशी खरं आहे’ म्हणा. गुण पक्के.”

इतिहासाच्या परीक्षेतल्या प्रश्नशब्दांबद्दलच्या या सल्ल्यातल्या सुरुवातीच्या विधानात थोडं तथ्य आहे. असेस आणि इव्हॅल्युएट या दोन्हींचं मराठीत ‘मूल्यमापन करा’ असंच होतं आणि दोन्हींत वजन करून निवाडा द्यायचा असतो. त्या दोघांच्या सीमारेषेवर डोकं खपवण्यात अर्थ नाही. प्रश्नात पुढे काय आहे ते पाहावं. पुढे ‘कारणं’ असतील तर कारणांची आपसात तुलना करून क्रम लावायचा. पुढे ‘यश’, ‘धोरण’ किंवा ‘परिणामकारकता’ असेल तर आधी मोजपट्टी ठरवायची.

‘टू व्हॉट एक्स्टेंट’, म्हणजे ‘कितपत’, यांच्या पंगतीत बसत नाही. तिथे प्रश्नानेच एक घटक नाव घेऊन पुढे ठेवलेला असतो आणि त्याची मर्यादा विचारलेली असते. ‘1857 च्या उठावाच्या कारणांचं मूल्यमापन करा’ आणि ‘काडतुसांचा प्रश्न 1857 च्या उठावाला कितपत कारणीभूत होता?’ हे दोन प्रश्न एकाच धड्यातले, पण त्यांची उत्तरं एक नाहीत. पहिल्यात काडतुसं चार-पाच कारणांपैकी एक. दुसऱ्यात ती उत्तराचा कणा. बाकीची कारणं येतात ती काडतुसांशी तुलना करण्यासाठी.

आता भरपूर माहितीचं. दुसऱ्या प्रश्नावरचं नेहमी दिसणारं उत्तर असं असतं: पहिला परिच्छेद काडतुसांवर, मग राजकीय कारणं, मग आर्थिक, मग सामाजिक, मग निष्कर्ष. त्यातली प्रत्येक ओळ बरोबर असू शकते, तरी पहिल्या परिच्छेदानंतर काडतुसं गायब होतात आणि उत्तर नकळत पहिल्या प्रश्नाचं होऊन बसतं. हे ओळखायला एक सोपी तपासणी आहे. आपल्या उत्तरातल्या प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचा. निम्म्याहून जास्त वाक्यांत प्रश्नात नाव घेतलेला घटक नसेल, तर गाडी रुळावरून उतरली आहे.

तीच माहिती ‘कितपत’च्या कामाला कशी लावायची? मेरठची घटना घ्या. 24 एप्रिल 1857 च्या परेडमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या 90 पैकी 85 शिपायांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. 9 मे रोजी त्यांना सगळ्या पलटणींसमोर बेड्या ठोकल्या आणि 10 मे रोजी उठाव झाला. इथपर्यंत लिहिलं तर ते वर्णन आहे. निवाडा सुरू होतो पुढच्या वाक्याला: मेरठला दिलेली ती काडतुसं नव्या एनफिल्ड रायफलीची नव्हती, जुन्याच पद्धतीची होती. म्हणजे शिपायांना चिथावलं ते चरबीने कमी आणि सरकार आपला धर्म बुडवणार या भीतीने जास्त. आता पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो की ही भीती आली कुठून, आणि लेखक दुसऱ्या कारणांकडे वळला तरी काडतुसांचा धागा सुटत नाही.

मग अवध. फेब्रुवारी 1856 मध्ये इंग्रजांनी ते खालसा केलं. बंगाल आर्मीतले बरेच शिपाई याच मुलखातले होते. तिथल्या तालुकदारांनी, म्हणजे मोठ्या जमीनदारांनी, तर आयुष्यात सरकारी काडतूस तोडलेलं नव्हतं, तरीही ते लढले, कारण नव्या महसूल बंदोबस्तात त्यांची गावं गेली होती. काडतुसांचा मुद्दा इथे संपतो, आणि नेमकं कुठे संपतो ते दाखवणं म्हणजेच ‘कितपत’चं उत्तर.

घटकाचं वजन ठरवताना तीन प्रश्न उपयोगी पडतात. तो घटक ‘त्याच वेळी का?’ याचं उत्तर देतो का? ‘तिथेच का?’ याचं देतो का? आणि तो नसता तर काय राहिलं असतं? वेळेच्या प्रश्नावर काडतुसं ठाम उभी राहतात. असंतोष वर्षानुवर्षांचा होता, पण भडका 1857 च्या पूर्वार्धातच का उडाला हे त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. जागेच्या प्रश्नावर ती डगमगतात. मद्रास आणि मुंबईच्या फौजा, कोल्हापूरसारखे अपवाद सोडता, शांत राहिल्या, आणि बंगाल आर्मीतली उच्चवर्णीय भरती व अवधशी नातं लक्षात घेतल्याशिवाय हा फरक उलगडत नाही. तिसऱ्या प्रश्नावर अटकळ बांधावी लागते, म्हणून तिथे एका वाक्यापलीकडे जाऊ नये.

दोन्ही बाजू सारख्या लिहायचा सल्ला इथेच आपटतो. ‘कितपत’चं उत्तर समान तराजू दाखवत नाही, तो कोणत्या बाजूला किती झुकला हे दाखवतं. पुरावा एका बाजूला जड असेल तर शब्दही तिकडे जास्त जायला हवेत. साधारण निम्मं उत्तर नाव घेतलेल्या घटकावर आणि उरलेलं त्याला आव्हान देणाऱ्या दोनच घटकांवर, हे प्रमाण बहुतेक वेळा जमतं. पाच प्रतिस्पर्धी कारणं आणली की प्रत्येकाला दोन ओळी मिळतात आणि तुलना होतच नाही.

‘काही अंशी’ हे शब्द वाईट नाहीत, अर्धवट आहेत. कोणत्या अंशी? ‘काडतुसांचा वाद काही अंशी कारणीभूत होता’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही घटनेच्या कुठल्याही कारणाबद्दल लिहिता येईल. त्याऐवजी असं लिहा: ‘काडतुसांनी उठावाची वेळ ठरवली आणि शिपायांना एकत्र आणलं, पण तो छावण्यांबाहेर पसरला तो मुख्यतः अवधच्या विलीनीकरणामुळे आणि जमिनी गेल्यामुळे.’ यात काय मान्य, काय अमान्य, दोन्ही दिसतं.

हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवण्यात तोटाच आहे. ते उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत यावं. मग परिच्छेद त्याला पुरावा देतात आणि शेवटी ते थोड्या नेमक्या रूपात परत येतं. चाळीस मिनिटांच्या उत्तरात सुरुवातीची पाच मिनिटं हे एक वाक्य कच्चं लिहून काढण्यात घालवली तरी वाया जात नाहीत. दीडशे शब्दांच्या उत्तराला तर दुसरा मार्गच नाही.

आणि मोजपट्टीचं राहिलं. ‘1858 नंतरच्या ब्रिटिश धोरणाच्या यशाचं मूल्यमापन करा’ असा प्रश्न आला तर यश कशाने मोजणार? सत्तेची सुरक्षितता ही पट्टी घेतली, तर लष्करात युरोपीय सैनिकांचं प्रमाण वाढवणं आणि संस्थानं खालसा करणं थांबवणं, दोन्ही फळाला आलेली दिसतात. 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने दिलेलं वचन ही पट्टी घेतली, की चित्र उलटतं: नोकऱ्यांत भेदभाव होणार नाही असं म्हटलं, पण सनदी सेवेची परीक्षा पुढची कित्येक दशकं लंडनमध्येच होत राहिली. घटना त्याच, निकाल दोन. कोणती पट्टी लावली आणि ती का, हे पहिल्या परिच्छेदात लिहिलं नाही, तर परीक्षकाला दुसरा निकाल पहिल्याला खोडणारा वाटतो.