मावशींचा अर्ज सुधारून देताना

चौथी शिकलेल्या, बासष्ट वर्षांच्या मावशी ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज घेऊन तुमच्याकडे आल्या, तर आधी तो कागद त्यांच्या हातातून काढून घ्या. त्यात लिहिलेलं असेल: "नळाला पाणी पाचला येतं नि साडेपाचला जातं. शेवटच्या चार घरांना घागरभर पण मिळत नाही. व्हॉल्व्ह सोडणारा अर्धाच सोडून जातो." छे! हे काय लिहिणं झालं? एवढं तर कुणालाही समजेल.

तुम्ही एम.ए. आहात, ते अर्जात दिसायला नको का? म्हणून लिहा: "उपरोक्त विषयास अनुसरून, आमच्या परिसरातील पाणीपुरवठा अत्यंत अनियमित व अपुऱ्या स्वरूपाचा असून, सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे." पाच, साडेपाच, चार घरं, घागर, व्हॉल्व्ह सगळं गेलं. अर्ज कसा स्वच्छ झाला! मावशींनी 'येतं' लिहिलं होतं, तिथं 'येत आहे' नव्हे, 'येण्यात येत आहे' करा. पाण्यालाही जरा मान मिळतो.

लिहून झाल्यावर तो मावशींना मोठ्याने वाचायला मात्र देऊ नका. 'निदर्शनास'पाशी त्या थांबतील, पुन्हा मागे जातील, आणि हा शब्द त्यांचा नव्हे हे तुम्हालाही कळेल. सही घेऊन मोकळे व्हा.

काही चिकित्सक लोक म्हणतील की शिक्षण चौथी, म्हणजे सगळेच शब्द सोपे हवेत, असंही नसतं. मावशी रोज हरिपाठ म्हणतात, कीर्तन ऐकतात; 'अनुग्रह', 'चित्त', 'निरंतर' त्यांच्या तोंडात बसलेले आहेत. 'सदर' मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलेला नाही. पण कोण कुठले शब्द वापरतं, हे कळायला दहा मिनिटं गप्प बसून ऐकावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे?

फारच टोचणी लागली, तर दुसऱ्या टोकाला जा. 'न्हाय', 'व्हय', 'पानी' असं अर्जभर पेरा. मावशींनी स्वतः 'पाणी', 'नाही' असं शुद्ध लिहिलं होतं, कारण बोलणं आणि अर्ज यांतला फरक त्यांनाही कळतो. पण खेड्यातली बाई म्हणजे अशीच बोलणार, हे तुम्ही मालिकांत पाहिलेलं आहे.

मग मावशी अर्ज घेऊन जातील. ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब तो वरपासून खालपर्यंत वाचतील आणि विचारतील, "मावशी, अनियमित म्हणजे नेमकं काय होतंय?"

"पाचला येतं नि साडेपाचला जातं, भाऊसाहेब. शेवटची चार घरं कोरडी."

ते हे अर्जाच्या मागच्या बाजूला लिहून घेतील. तुम्ही प्रिंट एकाच बाजूला काढलीत, हे फार चांगलं केलंत.