१.४ फर्मी येतात कुठून?

«अणुकेंद्रातले प्रोटॉन-न्यूट्रॉन, म्हणजे न्यूक्लिऑन, पायॉन नावाच्या कणाची अदलाबदल करून एकमेकांना धरून ठेवतात आणि त्या पायॉनसाठी ऊर्जा थोड्या वेळापुरती उसनी घेतात म्हणता, मग ऊर्जा अक्षय्यतेचं काय?»

ती उसनवारी शब्दशः घेऊ नका. अदलाबदलीतला पायॉन आभासी असतो. त्याची ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांचं नेहमीचं नातं जुळत नाही, पण एकूण ऊर्जा कुठेच बिघडत नाही. ऊर्जा जितकी जास्त तितका वेळ कमी, हा अनिश्चिततेचा युक्तिवाद फक्त या बलाच्या पल्ल्याचा अंदाज देतो, आणि तो मात्र झकास देतो. पायॉनची वस्तुमान-ऊर्जा सुमारे १४० एमईव्ही. प्लांकच्या स्थिरांकाला २π ने भागून मिळणाऱ्या ħ ला तिने भागलं की वेळ मिळतो जेमतेम ५ × १०⁻²⁴ सेकंद. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही अंतर कापलं जाईल १.४ फर्मी, म्हणजे १.४ × १०⁻¹⁵ मीटर, साधारण शेजारच्या न्यूक्लिऑनपर्यंतच.

या कणाचं भाकीत करणाऱ्या जपानी भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावांनी १९३५ मध्ये हेच उलट्या दिशेने केलं: पल्ला सुमारे २ फर्मी धरला, तर कण इलेक्ट्रॉनच्या २०० पट जड हवा. १९४७ मध्ये सापडलेला पायॉन निघाला सुमारे २७३ पट!

पण १.४ फर्मीवर बल एकदम तुटतं असं समजू नका. तेवढं अंतर वाढलं की स्थितिज ऊर्जेतला घातांकी घटक २.७ पटीने घटतो. आणि अर्ध्या फर्मीच्या आतलं प्रतिकर्षण एका पायॉनच्या हिशोबात बसतच नाही.