कोमा स्कोअरची टक्केवारी काढू नका

“डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा कोमा स्कोअर १५ पैकी १३ असेल तर ८७ टक्के मेंदू ठीक आहे, ८च्या वर धोका नसतो. नर्स दर अर्ध्या तासाने उठवतात, ते बंद करायला सांगा. झोपेनेच मेंदू बरा होतो.”

हा संदेश माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने मुलाला तपासायला आलेल्या सिस्टरना खरोखरच परत पाठवले. मी स्वतः परिचारिका आहे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

टक्केवारी तर मुळातच चुकीची आहे. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे कोमा स्कोअर तीन प्रतिसादांवरून मोजतो: डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हालचालीला १ ते ६ गुण असतात. म्हणजे कसलाही प्रतिसाद न देणाऱ्यालाही ३ मिळतात. टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा तिन्ही प्रतिसाद वेगवेगळे नोंदवायचे होते. बेरीज नंतर आली.

आठच्या आकड्यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करते. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर आणि १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, असे वर्गीकरण आहेच. पण ते त्या क्षणापुरते असते.

खरा घातक सल्ला झोपेचा आहे. समजा, रात्री १० वाजता रुग्णाचे डोळे आपोआप उघडे आहेत (४), बोलणे गोंधळलेले आहे (४) आणि सांगितल्यावर तो जीभ बाहेर काढतो (६): एकूण १४. साडेदहाला तो हाक मारल्यावरच डोळे उघडतो: १३. अकराला हाकेने डोळे उघडतात (३), पण तोंडून सुटे शब्दच येतात (३); सांगितलेले तो करत नाही, मात्र खांद्याजवळचा स्नायू दाबल्यावर त्याचा हात त्या जागेकडे जातो (५). बेरीज ११. कवटीच्या आत रक्त साठून दाब वाढत असेल तर तो असाच दिसतो, आणि डोळ्याची बाहुली मोठी होण्याची खूण बहुधा त्यानंतर येते. दारातून पाहणाऱ्याला मात्र साडेदहाला आणि अकराला एक शांत झोपलेला माणूसच दिसला असता. म्हणून सिस्टर आधी पूर्ण जागे करतात आणि मगच गुण देतात: साधी झोप असेल तर माणूस जागा होऊन आपण कुठे आहोत, महिना कोणता, हे सांगतो, गुंगीतला उत्तर देता देता पुन्हा मिटतो.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शिका सांगते की एक गुणाची घट अर्धा तास टिकली तरी डॉक्टरांनी तातडीने पुन्हा तपासावे, आणि हालचालीतल्या घटीला अधिक वजन द्यावे. स्कोअर १५ होईपर्यंत तपासणी दर अर्ध्या तासाने. त्यानंतर २ तास अर्ध्या तासाने, ४ तास तासाने आणि पुढे दर २ तासांनी. म्हणजे झोपेला जागा मिळते, पण ती स्कोअर १५ वर टिकल्यावर.

मावशीच्या मुलाचा सुजलेला डावा डोळा उघडत नव्हता, तरी उजव्या डोळ्यावरून गुण देता आले. दोन्ही मिटलेले असते तर तिथे १ न लिहिता ‘तपासता येत नाही’ अशी नोंद झाली असती आणि बेरीज केलीच नसती. सिस्टरना मी परत बोलावले आहे. पुढची तपासणी अर्ध्या तासाने आहे.